पाण्यातील ध्वनीचा वेग कसा काढावा: बल्क मॉड्युलस, घनता आणि हवेशी तुलना

पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. मात्र त्याचे कारण विचारले की पुष्कळदा मिळणारे उत्तर असे असते: ‘पाणी हवेपेक्षा दाट असते, म्हणून.’ हे उत्तर नुसते अपुरे नाही, ते उलटे आहे. घनता वाढल्याने ध्वनीचा वेग कमी होतो, आणि पाण्याच्या बाबतीत तो कमी होऊनही एवढा मोठा उरतो याचे कारण दुसऱ्याच गुणधर्मात आहे. हा गुणधर्म म्हणजे आकारमान स्थितिस्थापकता गुणांक, अर्थात बल्क मॉड्युलस. या लेखात आपण एका प्रत्यक्ष प्रयोगाचे आकडे घेऊन पाण्यातील वेग पायरी-पायरीने काढू, तीच रीत हवेला लावू आणि दोन्ही उत्तरांत एवढा फरक नेमका कुठून येतो ते पाहू.

सूत्र येते कुठून

वापरायचे सूत्र लहान आहे:

```
v = √(B / ρ)
```

येथे v हा ध्वनीचा वेग, B हा बल्क मॉड्युलस आणि ρ ही घनता आहे. सूत्र पाठ करण्यापेक्षा ते एकदा स्वतः मांडून पाहणे बरे, कारण भाजक आणि भाज्य कोण हे मग पुन्हा विसरले जात नाही.

पाण्याने भरलेली, न फुगणाऱ्या जाड भिंतींची एक लांब नळी कल्पा. तिच्या एका टोकाला दट्ट्या आहे आणि तो आपण u या अगदी लहान वेगाने t एवढा वेळ आत ढकलतो. नळीतले सगळे पाणी एकदम हलत नाही. दाबल्याची बातमी v या वेगाने पुढे सरकते, म्हणून t वेळानंतर vt एवढ्या लांबीचे पाणी u वेगाने चालू लागलेले असते आणि त्यापुढचे पाणी अजून स्थिर असते. या vt लांबीच्या पाण्याला दट्ट्याने ut एवढे आखूड केले आहे, म्हणजे त्याचे आकारमान u/v या प्रमाणात घटले आहे. बल्क मॉड्युलसची व्याख्याच अशी आहे की आकारमानातील सापेक्ष घटीला त्याने गुणले की वाढलेला दाब मिळतो. म्हणून दाबातील वाढ Bu/v एवढी झाली.

आता संवेगाकडून पाहू. नळीच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ρvt एवढे वस्तुमान u वेगाने चालू लागले, म्हणजे t वेळात ρvtu एवढा संवेग निर्माण झाला. तो ज्या जादा दाबाने निर्माण झाला तो दाब ρvu असला पाहिजे. दाब एकच आहे, म्हणून दोन्ही राशी समान ठेवल्या:

```
B·u/v = ρ·v·u
v² = B/ρ
```

दट्ट्याचा वेग u दोन्हीकडून निघून जातो. म्हणजे हळू आवाज आणि मोठा आवाज एकाच वेगाने जातात, निदान आकुंचन फार लहान आहे तोवर. शिवाय घनता भाजकात का येते तेही येथे दिसते: अधिक दाट द्रवाचा थर हलवायला अधिक संवेग द्यावा लागतो, म्हणून बातमी पुढे पोहोचायला वेळ लागतो. नळीच्या भिंती फुगत नाहीत हे आपण गृहीत धरले आहे, ते मात्र विसरू नये. पीव्हीसीच्या पाइपात झडप एकदम बंद केल्यावर जो दाबाचा धक्का धावतो, त्याचा वेग पाइप फुगत असल्यामुळे काही शे मीटर प्रति सेकंद इतकाच भरतो. मोकळ्या पाण्याचा आकडा तेथे लावला तर उत्तर कित्येक पट चुकेल.

जिनिव्हा सरोवराचा प्रयोग

१८२६ साली जाँ-दानिएल कोलादाँ आणि शार्ल स्तुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात पाण्यातील ध्वनीचा वेग मोजला. सरोवराच्या एका काठावर रोल आणि दुसऱ्या काठावर थोनाँ ही गावे आहेत. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली होती, आणि तिच्यावर हातोडा पडताच त्याच क्षणी होडीवर बंदुकीच्या दारूचा भडका उडेल अशी जोडणी केली होती. दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडवलेल्या लांब पत्र्याच्या नळीला कान लावून निरीक्षक बसत असे. रात्रीच्या अंधारात भडका दिसला की घड्याळ सुरू करायचे आणि घंटा ऐकू आली की थांबवायचे. अंतर सुमारे १३,४८७ मीटर होते, वेळ सुमारे ९.४ सेकंद लागला, आणि पाण्याचे तापमान ८ अंश सेल्सिअसच्या जवळपास होते. भागाकार केल्यावर वेग १,४३५ मीटर प्रति सेकंद आला.

याच तापमानाला सूत्र काय सांगते ते पाहू.

पहिली पायरी बल्क मॉड्युलस मिळवण्याची. कोष्टकांत तो पुष्कळदा थेट दिलेला नसतो. त्याऐवजी संपीड्यता दिलेली असते, म्हणजे दाब एका पास्कलने वाढवला तर आकारमान कितव्या हिश्शाने घटते तो आकडा. ८ अंशांच्या शुद्ध पाण्यासाठी तो सुमारे 4.83×10⁻¹⁰ प्रति पास्कल आहे. बल्क मॉड्युलस हा त्याचा व्यस्त:

```
B = 1 / (4.83×10⁻¹⁰) ≈ 2.07×10⁹ Pa
```

म्हणजे सुमारे २.०७ अब्ज पास्कल.

दुसरी पायरी घनतेची. ८ अंशांना ती ९९९.८५ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. १,००० घेतले तरी उत्तर बिघडत नाही, कारण पाण्याची घनता तापमानाप्रमाणे फार थोडी बदलते. काळजी घ्यायची ती बल्क मॉड्युलसची.

तिसरी पायरी भागाकार आणि वर्गमूळ:

```
B/ρ = 2.07×10⁹ / 999.85 ≈ 2.070×10⁶ m²/s²
v = √(2.070×10⁶) ≈ 1439 m/s
```

प्रयोगातले १,४३५ आणि गणितातले १,४३९ यांत अवघ्या ४ मीटरचा फरक आहे. ९.४ सेकंदांच्या मोजणीत सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढी चूक झाली तरी हा फरक निघतो. हाताने घड्याळ चालवून दोनशे वर्षांपूर्वी एवढे नेमके उत्तर आले, याचे श्रेय माझ्या मते अंतर एवढे लांब निवडण्याला आहे. हेच मोजमाप एक किलोमीटरवर केले असते तर हाताच्या तेवढ्याच चुकीने उत्तरात सुमारे ५० मीटरचा घोळ झाला असता.

कुठे चुकते आणि ते ओळखायचे कसे

एककांची चूक सर्वांत सामान्य, आणि सुदैवाने ती स्वतःच ओळख देते. गिगापास्कलऐवजी मेगापास्कल धरले तर उत्तर ४५ मीटर प्रति सेकंद येते. घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे नुसती १, ठेवली तर ते ४५ हजारांच्या वर जाते. दोन्ही वेळा उत्तर ३१.६ पटींनी चुकलेले असते, आणि हे हजाराचे वर्गमूळ आहे. म्हणून उत्तर साधारण तीस पटींनी कमी किंवा जास्त दिसले की कुठेतरी एक हजार सुटला असे समजून एकके तपासावीत.

दुसरी चूक अधिक लपलेली असते. पाठ्यपुस्तकांत पाण्याचा बल्क मॉड्युलस अनेकदा २.२ अब्ज पास्कल असा गोल आकडा दिलेला असतो. त्यातून वेग १,४८३ येतो आणि तो २० अंशांच्या पाण्याला छान जुळतो. तोच आकडा जिनिव्हा सरोवराच्या थंड पाण्याला लावला तर मात्र उत्तर ४४ मीटरने जास्त येते. बहुतेक द्रव तापवल्यावर मऊ होतात आणि त्यांच्यातला ध्वनी मंदावतो. पाणी याला अपवाद आहे. थंड पाण्यातील रेणूंची मांडणी काहीशी मोकळी, पोकळ्या ठेवणारी असते, आणि दाब दिला की ती थोडी कोसळते. तापमान वाढते तसा हा मोकळेपणा कमी होत जातो आणि पाणी दाबायला अधिक कठीण बनते. त्यामुळे शुद्ध पाण्यातील वेग सुमारे ७४ अंशांपर्यंत वाढत जाऊन १,५५५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास पोहोचतो आणि त्यानंतर उतरू लागतो. थोडक्यात, बल्क मॉड्युलस लिहिताना तापमान शेजारी लिहिण्याची सवय असावी.

तिसरी बाब बल्क मॉड्युलसच्या प्रकाराची आहे. कोष्टकातील संपीड्यता बहुधा तापमान स्थिर ठेवून मोजलेली, म्हणजे आयसोथर्मल असते. ध्वनीच्या लाटेत मात्र दाबणे आणि सैल होणे इतक्या लवकर घडते की दाबामुळे निर्माण झालेली उष्णता शेजारी पसरायला वेळच मिळत नाही. म्हणून खरे तर उष्णता अडकून राहिल्यावरचा, ॲडिआबॅटिक मॉड्युलस वापरायला हवा. मग वर आपण आयसोथर्मल आकडा वापरूनही उत्तर बरोबर कसे आले? दोन्ही मॉड्युलसमधला फरक पदार्थ तापल्यावर किती प्रसरण पावतो यावर अवलंबून असतो, आणि पाणी ४ अंशांच्या जवळ जवळपास प्रसरण पावतच नाही. म्हणून ८ अंशांना हा फरक नगण्य आहे. २० अंशांना तो सुमारे ०.७ टक्के होतो: आयसोथर्मल मॉड्युलस २.१८ अब्ज, ॲडिआबॅटिक २.१९ अब्ज. वेग वर्गमुळातून येत असल्याने त्यात फरक पडतो तो सुमारे ५ मीटरचा.

तीच रीत हवेला लावताना

हवेत हीच बाब नगण्य राहत नाही. स्थिर तापमानाला हवेचा बल्क मॉड्युलस म्हणजे नुसता तिचा दाब, १,०१,३२५ पास्कल. न्यूटनने हवेतील वेग काढला तेव्हा त्याने व्यवहारात हेच गृहीत धरले होते, आणि त्याचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आले. १८१६ साली लाप्लासने दाखवले की लाटेतील हवा दाबली जाताना तापते, त्यामुळे ती अधिक ताठ वागते, आणि दाबाला सुमारे १.४ ने गुणले पाहिजे. पाण्यासाठी जी दुरुस्ती एका टक्क्याहूनही कमी आहे, तीच हवेसाठी ४० टक्के आहे.

तुलना चोख व्हावी म्हणून हवाही ८ अंशांची घेऊ. तिची घनता १.२५६ किलोग्रॅम प्रति घनमीटर.

```
B = 1.4 × 101325 ≈ 1.42×10⁵ Pa
v = √(1.42×10⁵ / 1.256) ≈ 336 m/s
```

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवू. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ७९६ पट आहे. घनतेचाच प्रश्न असता, तर पाण्यातला ध्वनी हवेतल्यापेक्षा सुमारे २८ पट मंद झाला असता, म्हणजे जवळपास १२ मीटर प्रति सेकंद, सायकलस्वार गाठू शकेल इतका. मात्र पाण्याचा बल्क मॉड्युलस हवेच्या सुमारे १४,६०० पट आहे. १४,६०० ला ७९६ ने भागले की १८.३ उरतात, आणि त्याचे वर्गमूळ ४.२८. हवेतील ३३६ ला ४.२८ ने गुणले की आपले १,४३९ परत मिळतात. सरोवर ओलांडायला पाण्यातून जे ९.४ सेकंद लागले, ते हवेतून सुमारे ४० लागले असते.

मग खरा प्रश्न उरतो तो १४,६०० या आकड्याचा. हवेत रेणू एकमेकांपासून दूर असतात. हवा दाबताना आपण रेणू दाबत नाही, त्यांच्यातली रिकामी जागा कमी करतो, आणि विरोध होतो तो फक्त रेणूंच्या धडकांचा, म्हणजेच दाबाचा. दाब सावकाश दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते. पाण्यात रेणू मुळातच एकमेकांना खेटून असतात. त्यांना आणखी जवळ आणायचे तर रेणूंच्या इलेक्ट्रॉन ढगांतील प्रतिकर्षणाशी झगडावे लागते, आणि ते अंतर जरासे घटताच फार वेगाने वाढते. म्हणून हवेला निम्मे करणारा तोच जादा एक वातावरण दाब १,००० लिटर पाण्यावर दिला, तर ते जेमतेम ४९ मिलिलिटरने आकुंचन पावते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. हवेला दाबून दहापट दाट केले, तर तिचा बल्क मॉड्युलसही दाबाबरोबर दहापट होतो आणि तापमान तेच असेल तर वेग जवळपास बदलत नाही. नुसते दाट झाल्याने वेग वाढत असता, तर येथे वाढायला हवा होता.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी पारा आणि जड पाणी यांची उदाहरणे पाहावीत. २० अंशांना पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट दाट आहे, तरी त्यातील वेग सुमारे १,४५० मीटर प्रति सेकंद, म्हणजे पाण्यापेक्षा किंचित कमीच, कारण त्याचा बल्क मॉड्युलसही सुमारे १३ पट आहे. जड पाण्याचे, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा त्याचा जड प्रकार असलेल्या पाण्याचे, उदाहरण त्याहून बोलके आहे. त्याचा ताठपणा साध्या पाण्याच्या जवळपास तेवढाच, जरासा कमीच, पण घनता सुमारे ११ टक्के जास्त. २५ अंशांना साध्या पाण्यात वेग १,४९७, जड पाण्यात सुमारे १,४००.

बुडबुड्यांची कसोटी

ताठपणा आणि घनता यांची कामे वेगळी करून दाखवणारा सर्वांत सोपा पदार्थ म्हणजे बारीक बुडबुडे असलेले पाणी. समजा, २० अंशांच्या पाण्यात आकारमानाने फक्त १ टक्का हवा आहे. घनता काढताना सरासरी सरळ घ्यायची: सुमारे ९८८, म्हणजे जवळपास पाण्याचीच. बल्क मॉड्युलसची सरासरी मात्र अशी घेता येत नाही, कारण दाब दोघांवर सारखाच असतो आणि आकुंचनांची बेरीज होते. म्हणून संपीड्यतांची सरासरी घ्यावी लागते:

```
1/B = 0.99/(2.19×10⁹) + 0.01/(1.42×10⁵)
    ≈ 7.09×10⁻⁸
B ≈ 1.41×10⁷ Pa
v = √(1.41×10⁷ / 988) ≈ 120 m/s
```

हे मिश्रण वजनाला पाणी आहे, पण दाबायला हवेसारखे मऊ. म्हणून त्यातील वेग पाण्यापेक्षाच नव्हे, निव्वळ हवेपेक्षाही कमी येतो. येथे मॉड्युलसची सरळ सरासरी घेतली असती तर उत्तर १,४८२ च्या आसपासच राहिले असते, आणि चूक झाल्याची शंकाही आली नसती.

हे घरी ऐकता येते. जाड चिनी मातीच्या मगात गरम पाणी घ्यावे, त्यात चमचाभर इन्स्टंट कॉफी टाकून ढवळावे आणि चमच्याने मगाच्या तळाशी ठकठक करत राहावे. आधी आवाज खाली उतरतो, आणि बारीक बुडबुडे वर निघून जातील तसा तो अर्ध्या-एक मिनिटात चढत जातो. मगातील पाण्याच्या स्तंभाची उंची बदललेली नसते, बदलतो तो त्यातील ध्वनीचा वेग.

या सूत्राला मर्यादा आहे. ध्वनीची वारंवारता बुडबुड्याच्या स्वतःच्या कंपनाच्या वारंवारतेपेक्षा बरीच कमी असेल तरच ते लागू पडते. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यासाठी ही वारंवारता सुमारे ३,३०० हर्ट्झ आहे.

समुद्रात वापरताना

मासेमारी नौकांवरील एको साउंडर खोली मोजत नाही, तो वेळ मोजतो. तळावरून प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ गृहीत वेगाने गुणायचा आणि निम्मा करायचा, एवढेच तो करतो, आणि हा गृहीत वेग अनेक यंत्रांत १,५०० मीटर प्रति सेकंद ठेवलेला असतो. कोकण किनाऱ्यावरील कोमट समुद्रासाठी हा आकडा कमी पडतो.

२८ अंशांच्या आणि एका किलोला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १,०२२ असते, म्हणजे त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांहून थोडी जास्त. नुसत्या घनतेने वेग घटला असता. पण विरघळलेले क्षार पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती घट्ट ओढून धरतात, त्यामुळे बल्क मॉड्युलस २.२५ वरून सुमारे २.४३ अब्ज पास्कल, म्हणजे जवळपास ८ टक्क्यांनी वाढतो. वेग १,५०४ वरून १,५४१ वर जातो.

आता खरी खोली ५० मीटर, म्हणजे सुमारे २७ वाव आहे असे समजू. ध्वनी १०० मीटर जाऊन-येऊन ०.०६४९ सेकंद घेतो. यंत्र त्याला १,५०० ने गुणून निम्मे करते आणि ४८.७ मीटर दाखवते. खोली प्रत्यक्षापेक्षा कमी दिसणे ही नौकेच्या दृष्टीने सुरक्षित चूक आहे, पण सर्वेक्षणाच्या नकाशाला ती चालत नाही. यंत्रात वेग बदलण्याची सोय असेल तर १,५४१ भरावा. नसेल तर दिसलेल्या आकड्याला १,५४१/१,५००, म्हणजे १.०२७ ने गुणावे. ऐन पावसाळ्यात खाडीत वरून गोडे पाणी आले असेल आणि तापमान तेच असेल, तर मात्र वेग १,५०४ च्या जवळ उतरतो आणि मूळचा १,५०० च अधिक बरोबर ठरतो. तेथे १.०२७ ची दुरुस्ती लावली तर खोली प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसेल, आणि ही चूक नौकेसाठी सुरक्षित नाही.

पंख्यामागच्या फेसाळ पाण्यातून पडदा कोरा किंवा ठिपक्यांनी भरलेला दिसतो, तेव्हा मात्र वेगाचा आकडा बदलून उपयोग नसतो. एको साउंडर ५० किंवा २०० किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे मोठ्या बुडबुड्यांच्या मर्यादेच्या कितीतरी वर. तेथे वरचे १२० मीटरचे गणित लागू होत नाही. बुडबुडे ध्वनी विखरून आणि शोषून टाकतात. अशा वेळी ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग, पंख्याच्या प्रवाहाबाहेर आणि पाण्यात पुरेसा खोल बसवला आहे ना, हे पाहावे.